परदेशातल्या तुमच्या एका दिवसाची स्क्रिप्ट: पहिल्या वाक्यापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत

सोलापुरातून बाहेरदेशी शिकायला गेलेली मुलं-मुली पहिल्याच महिन्यात एक व्हिडिओ करायला घेतात: "माझा एक दिवस". त्यात अलार्म वाजतो, दात घासले जातात, कॉफीचा कप दिसतो, ट्राम येते, कॉलेजची इमारत दिसते, जेवण, लायब्ररी, रात्र. चित्रं सुंदर असतात, तरी घरचे लोक सोडून कुणी शेवटपर्यंत पाहत नाही. कारण साधं आहे. या दिवसात कशाचीच वाट पाहायची नसते. कॉफीनंतर ट्राम आली काय आणि ट्रामनंतर कॉफी आली काय, बघणाऱ्याला फरक पडत नाही.

म्हणून स्क्रिप्ट लिहायला बसताना सगळा दिवस सांगायचा विचार सोडा. दिवसातली एकच अडचण शोधा, जी सकाळपासून डोक्यात असते आणि संध्याकाळी सुटते किंवा सुटत नाही. पुढं एक उदाहरण घेऊन पहिल्या नोंदीपासून शेवटच्या प्रश्नापर्यंत 90 सेकंदांची पूर्ण स्क्रिप्ट बांधून दाखवली आहे. समजा, जुळे सोलापूरची एक मुलगी जर्मनीत ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात एम.एस. करते आहे. महिना डिसेंबर, वार मंगळवार. तिची आई नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला आहे. मुलगी आणि आई कल्पनेतल्या आहेत. घड्याळ, तासांच्या वेळा आणि सूर्य मात्र खरे आहेत.

आधी दोन घड्याळांची वही

लिहायच्या आधी एक दिवस नुसत्या नोंदी करा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडं तुमची वेळ आणि तुम्ही काय करताय ते, उजवीकडं त्याच क्षणी सोलापुरात किती वाजले आणि घरी काय चाललंय ते. उजवी बाजू अंदाजानं भरू नका. आईला, बाबांना, घरात जे असतील त्यांना विचारा: "सकाळी आठला तू काय करत असतेस? दुकानातून किती वाजता निघतेस? झोपतेस कधी?" स्क्रिप्टचा जीव पुष्कळदा या उजव्या बाजूला सापडतो, आणि तीच बाजू लोक लिहायची विसरतात.

जर्मनीचं घड्याळ भारताच्या मागं असतं, पण किती मागं ते ऋतूवर ठरतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागं करतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढं. त्यामुळं हिवाळ्यात फरक साडेचार तासांचा आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा. डिसेंबरमध्ये चित्रित केलेला व्हिडिओ साडेतीन तासांचा हिशेब सांगू लागला, तर पहिली प्रतिक्रिया चूक दाखवणारीच येते आणि पुढची सगळी चर्चा तिथंच अडकते.

आपल्या उदाहरणातल्या मुलीची वही अशी भरते. पहाटे 3:30 ला ती गाढ झोपेत असताना सोलापुरात सकाळचे 8 वाजलेले असतात आणि आई "उठलीस का गं?" असा मेसेज टाकून दुकानाला निघते. मुलगी तो वाचते 7:15 ला. बाहेर अजून अंधार आहे, कारण डिसेंबरच्या सुरुवातीला ड्रेस्डेनला सूर्य आठच्या सुमारास उगवतो. सोलापुरात तेव्हा पावणेबारा, ऊन डोक्यावर. तिचा पहिला तास 9:20 ला. इथं तास दीड तासाचा असतो आणि दोन तासांमध्ये वीस मिनिटांची सुट्टी, म्हणजे 9:20 ते 10:50, मग 11:10 ते 12:40. दुपारी जेवण आणि थोडा मोकळा वेळ. मग 14:50 ते 16:20 आणि शेवटचा तास 16:40 ते 18:10.

आता उजवी बाजू. आई दुपारभर दुकानात. गिऱ्हाईक समोर असताना फोन घेता येत नाही. ती घरी पोचते रात्री साडेआठला, स्वयंपाक करते आणि दहाला आडवी होते, कारण पहाटे पाचला उठायचं असतं. साडेआठ ते दहा म्हणजे ड्रेस्डेनचे 16:00 ते 17:30. त्या वेळात मुलगी वर्गात. मोकळी फट एकच उरते: 16:20 ते 16:40. सोलापुरात तेव्हा 8:50 ते 9:10. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत असते.

ही वीस मिनिटं म्हणजे आपली स्क्रिप्ट. वही भरल्याशिवाय ती सापडली नसती, कारण मुलीला विचारलं असतं तर तिनं "मला घरची आठवण येते" एवढंच सांगितलं असतं. आठवण येते हे खरं, पण ते पडद्यावर दाखवता येत नाही. वीस मिनिटांची फट दाखवता येते.

काय सोडून द्यायचं

धागा मिळाला की निम्मी चित्रं आपोआप गळतात, आणि इथं मन घट्ट करावं लागतं. जर्मनीत दाखवण्यासारखं खूप आहे. रिकामी प्लॅस्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की 25 सेंट परत मिळतात. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच बाजार उरकावा लागतो. हॉस्टेलमध्ये खमंग फोडणी दिली की छताला लावलेलं धुराचं यंत्र किंचाळायला लागतं. नळाचं पाणी सरळ ग्लासात भरून पितात, आणि ज्या गावात नळाला पाणी कधी येणार हे कॅलेंडरवर लिहून ठेवतात तिथल्या माणसाला हे बघताना खरंच थांबावंसं वाटतं.

पण यातलं काहीही वीस मिनिटांच्या फोनशी जोडलेलं नाही. बाटल्यांची गोष्ट वेगळी, फोडणीची वेगळी, पाण्याची तर नक्कीच वेगळी. वहीच्या मागच्या पानावर त्यांची यादी करा, त्या पुढच्या स्क्रिप्ट आहेत. एका व्हिडिओत चार अचंबे घातले की बघणाऱ्याला एकही लक्षात राहत नाही.

एक कसोटी उपयोगी पडते. प्रत्येक प्रसंगापुढं "म्हणून" किंवा "पण" लावून पुढच्या प्रसंगाला जोडून बघा. "मला दुपारी सुट्टी असते, पण आई दुकानात असते. म्हणून संध्याकाळची वाट बघावी लागते. पण संध्याकाळी वर्ग असतो." हे जुळतं. जिथं फक्त "मग" बसतं, तो प्रसंग काढून टाका. "मग मी ट्रामने गेले, मग मी जेवले" ही साखळी पुन्हा दात घासण्यावर येऊन पोचते.

पहिलं वाक्य

पहिल्या वाक्याचं, म्हणजे हुकचं, काम बघणाऱ्याला चकित करणं असं बरेच जण समजतात आणि "जर्मनीतलं हे सत्य ऐकून तुम्ही हादराल" असं काहीतरी लिहितात. सोलापुरातला माणूस अशानं हादरत नाही, तो अंगठा वर सरकवतो. ओळखीची गोष्ट अनोळखी जागी दिसली की तो थांबतो. ओळखीचं म्हणजे त्याच्या घरातलं: भाकरी, चादर, शेंगाचटणीचा डबा, गड्ड्याची जत्रा. अनोळखी म्हणजे ती गोष्ट जिथं दिसायला नको तिथं दिसणं.

आपल्या उदाहरणात तीन मसुदे लिहून बघू. पहिला: "नमस्कार मित्रांनो, मी जर्मनीत शिकते आणि आज मी तुम्हाला माझा एक दिवस दाखवणार आहे." हे वाक्य खरं आहे, पण यात वाट बघण्यासारखं काही नाही आणि पहिली पाच सेकंदं ओळख करून देण्यातच जातात. दुसरा: "आईशी बोलायला मला रोज फक्त वीस मिनिटं मिळतात." हे बरंच चांगलं. अडचण आली, आकडा आला. पण हे कुठल्याही गावातलं कुणीही म्हणू शकतं. तिसरा: पडद्यावर अंधारी खिडकी, आणि नुसता आवाज, थप, थप, थप. त्यावर: "हा आवाज सोलापूरचा आहे. तो ऐकायला माझ्याकडं रोज वीसच मिनिटं असतात."

तिसऱ्यात आवाज आधी येतो आणि ओळख नंतर. ज्या घरात रात्री ज्वारीची भाकरी होते तिथल्या माणसाला तो आवाज शब्दाआधी कळतो. खिडकीबाहेर मात्र ट्रामच्या तारा आणि अंधार. दोन्ही मिळून प्रश्न तयार होतो: भाकरी तिथं कशी? आणि "वीसच" या शब्दानं घड्याळ चालू होतं.

एक पथ्य पाळा. हुकमध्ये जे कबूल केलं ते शेवटी दिलंच पाहिजे. भाकरीचा आवाज सुरुवातीला ऐकवला, तर शेवटी तो पुन्हा, पूर्ण, आईच्या हातासकट आला पाहिजे. नाहीतर बघणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि तो पुढचा व्हिडिओ उघडत नाही.

वेळेचा हिशेब

मराठीत निवांत बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द जातात. 90 सेकंदांत 180 शब्द बसतील असं त्यावरून वाटतं, पण तेवढे लिहू नका. ट्रामचा आवाज, दाराचा आवाज, आईचा उत्तर देण्याआधीचा श्वास, यांनाही जागा लागते. सव्वाशे ते दीडशे शब्द पुरे. शब्द मोजण्यापेक्षा फोनचं स्टॉपवॉच लावून मोठ्यानं वाचणं जास्त भरवशाचं. तीनदा वाचा आणि तिन्हीतली सगळ्यात सावकाश वेळ धरा. मनातल्या मनात वाचलेली वेळ नेहमी कमी भरते.

वाचताना जीभ जिथं अडखळते तिथं लेखी भाषा घुसलेली असते. "मी विद्यापीठात जाण्यासाठी ट्रामने प्रवास करते" हे कुणी बोलत नाही. "ट्राम पकडते" म्हणतात. आणि घरी ज्या बोलीत बोलता तिच्यातच लिहा. "तिकडं", "माझ्याकडं", "कसं काय बे" हे पुसून टाकून पुस्तकी मराठी आणली, तर आईशी बोलायचा प्रसंग कृत्रिम होतो, कारण आई त्या मराठीत बोलत नसते. फक्त "बे" कुणाला म्हणायचं ते सोलापुरात सगळ्यांना माहीत आहे. मित्राला चालतं, आईला नाही.

पूर्ण स्क्रिप्ट

डाव्या बाजूचे आकडे सेकंद आहेत. आधी काय दिसतं ते आणि नंतर काय ऐकू येतं ते लिहिलं आहे. कोपऱ्यात पूर्ण वेळ दोन छोटी घड्याळं ठेवायची: एकाखाली "ड्रेस्डेन", दुसऱ्याखाली "सोलापूर".

0 ते 7. अंधारी खिडकी, बाहेर ट्रामच्या तारा. थप, थप, थप. "हा आवाज सोलापूरचा आहे. तो ऐकायला माझ्याकडं रोज वीसच मिनिटं असतात."

7 ते 20. अंथरुणात फोनचा उजेड. घड्याळं 7:15 आणि 11:45. "मी ड्रेस्डेनला शिकते, जर्मनीत. सकाळ झालीय, पण उजाडलं नाही. आईचा मेसेज पहाटे साडेतीनलाच येऊन पडलाय: उठलीस का गं? तिकडं तेव्हा आठ वाजलेले."

20 ते 34. ट्रामची खिडकी, काचेवर वाफ. घड्याळं 8:50 आणि 1:20. "तिकडचं घड्याळ साडेचार तास पुढं. मी ट्राम पकडते तेव्हा आई नवी पेठेत दुकानात उभी असते. समोर गिऱ्हाईक असलं की फोन नाही."

34 ते 48. विद्यापीठाच्या खानावळीत ताट, समोर रिकामी खुर्ची. घड्याळं 1:00 आणि 5:30. "दुपारी मला सुट्टी असते, पण तिला नसते. ती घरी पोचते रात्री साडेआठला. तेव्हा माझे चार वाजलेले असतात आणि मी वर्गात."

48 ते 62. वर्गाचं बंद दार, मग तीच खिडकी, बाहेर दिवे लागलेले. घड्याळं 4:26 आणि 8:56. "आत गेले तेव्हा उजेड होता. चारलाच दिवस मावळला. सुट्टी चार-वीसला होते. आज सर सोडेनात. चार-सव्वीस."

62 ते 82. जिना, पायरीवर बसलेली ती, कानात इअरफोन. आईचा आवाज: "जेवलीस का?" तिचं उत्तर: "आई, तू आधी भाकरी कर. मी ऐकते." मग थप, थप, थप. सहा सेकंद कुणी काही बोलत नाही.

82 ते 90. ती उठते, वर्गाचं दार पुन्हा. "चौदा मिनिटांत चार भाकऱ्या झाल्या. रात्री नऊला तुमच्या घरातून कुठला आवाज येतो?"

मोठ्यानं वाचून बघा, कुठंही धावावं लागत नाही. भाकरीच्या त्या सहा सेकंदांत बोलायचा मोह पुष्कळांना होतो. "किती आठवण येते" वगैरे वाक्य तिथं घालू नका. त्या शांततेसाठीच तर आधीचं सगळं बांधलं आहे.

"आज सर सोडेनात" या ओळीबद्दल थोडं. तुमच्या दिवसात तास खरंच लांबला असेल तरच ती ठेवा. वेळेवर सुटला असेल, तर वीसच्या वीस मिनिटं मिळाली असं लिहा, स्क्रिप्ट तशीही उभी राहते. रंगत आणण्यासाठी बनवलेली अडचण वर्गमित्रांना लगेच कळते, आणि व्हिडिओ बघणाऱ्यांत ते असतातच.

चित्रीकरणात काय बिघडतं

डिसेंबरमध्ये उजेड आठ तासांचाच. त्यामुळं आत जाताना उजेड आणि बाहेर येताना अंधार हा फरक त्याच खिडकीतून, कॅमेरा त्याच जागी ठेवून, त्याच दिवशी टिपावा लागतो. जानेवारीच्या शेवटी करू म्हटलं तर दिवस लांबलेला असतो आणि "चारलाच दिवस मावळला" हे वाक्य खोटं पडतं.

बोलणं चित्रीकरणाच्या वेळी न टिपता रात्री खोलीत वेगळं करा. हॉस्टेलच्या खोलीच्या भिंती उघड्या असतात आणि आवाज घुमतो. घरून आणलेली सोलापुरी चादर डोक्यावरून घ्या, फोन आत धरा, तोंडापासून वीतभर लांब, आणि वाचा. जाड सूत आवाज शोषून घेतं आणि घुमणं बंद होतं. फ्रिज जवळ असेल तर त्याची घरघरही येते, ती कानाला तेव्हा जाणवत नाही, नंतर ऐकताना जाणवते.

भाकरीचा आवाज मात्र सोलापुरातच टिपला पाहिजे. फोनवरून आलेला आवाज तसाच वापरला तर थापणं पुसट होतं, कारण कॉल चालू असताना फोन असल्या आवाजाला गोंगाट समजून दाबतो. घरच्या कुणालातरी सांगा, परातीपासून हातभर अंतरावर दुसरा फोन ठेवून साधं रेकॉर्डिंग करा आणि पाठवा. मिक्सर, पंखा, टीव्ही बंद. आईला आधीच विचारा की तिचा आवाज आणि हात दाखवले तर चालेल का. तिनं नको म्हटलं, तर नुसती थाप ठेवा आणि "जेवलीस का?" हे वाक्य पडद्यावर अक्षरांत दाखवा. तेही पुरतं.

तिथल्या माणसांबद्दल जास्त काळजी घ्या. जर्मनीत कुणाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही, 1907 पासूनच्या कायद्यातलं 22 वं कलम तेच सांगतं. कुणाचं खासगी बोलणं परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं तर फौजदारी गुन्हा आहे. म्हणून वर्गाचं आतलं चित्र, सरांचा आवाज, ट्राममधल्या शेजाऱ्याचा चेहरा, हॉस्टेलमधली मैत्रीण, यातलं काहीही विचारल्याशिवाय घेऊ नका. वरच्या स्क्रिप्टमध्ये वर्ग फक्त बंद दारातून दिसतो, ट्राम फक्त खिडकीतून, खानावळ फक्त ताटातून. ते मुद्दाम तसं आहे.

आणि व्हिडिओ चालू लागला, कुणी जाहिरातीचे पैसे देऊ केले, तर हो म्हणायच्या आधी शहरातल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारा. विद्यार्थी म्हणून मिळालेल्या परवान्यावर जर्मनीत नोकरीचे दिवस मोजून मिळतात, पण स्वतंत्र धंद्याला वेगळी परवानगी लागते, आणि व्हिडिओची कमाई त्यात धरली जाऊ शकते.

शेवटचा प्रश्न

"तुम्हाला काय वाटतं? खाली नक्की सांगा" हा प्रश्न नाही. बघणाऱ्याला कशाबद्दल काय वाटायला हवं हेच त्यात नाही. "परदेशात जावं की नाही?" हा प्रश्न आहे, पण आपल्या व्हिडिओत त्याबद्दल काही आलेलं नाही, आणि त्यावर जे बोलतात ते एकमेकांशी भांडतात.

चांगला प्रश्न तीन गोष्टींवर पारखता येतो. तो नुकत्याच घडलेल्या गोष्टीतून निघालेला असावा. त्याचं उत्तर एका ओळीत देता यावं. आणि ते द्यायला परदेशाचं काही माहीत असायची गरज नसावी, म्हणजे अशोक चौकातल्या आजीलाही लिहिता यावं. "रात्री नऊला तुमच्या घरातून कुठला आवाज येतो?" यात हे सगळं बसतं. कुणी लिहील टीव्हीवरच्या मालिकेचा, कुणी मागाचा खटका, कुणी दळणाचा, कुणी शेजारच्या भजनाचा, कुणी लिहील की आता कुठलाच येत नाही. हे शेवटचं उत्तर आलं तर त्याला आधी उत्तर द्या, आणि घाईनं हसरं चित्र टाकून मोकळं होऊ नका.

प्रश्न एकच विचारा. दोन विचारले की लोक सोपा उचलतात, आणि तो सहसा दुय्यम असतो. प्रश्नाचं शेवटचं अक्षर संपल्यावर व्हिडिओ लगेच तोडू नका, दीड-दोन सेकंद चित्र तसंच राहू द्या. माणूस उत्तर तिथं मनात तयार करतो. "लाईक करा, शेअर करा" ही ओळ त्याच्यामागं जोडली तर तयार होत आलेलं उत्तर पुसलं जातं.

प्रसिद्ध करायच्या आधी हा व्हिडिओ सोलापुरातल्या दोघांना पाठवा, एक घरातला आणि एक ज्याला तुमचा दिनक्रम माहीत नाही असा. "आवडला का" असं विचारू नका. विचारा, "मी आईला दुपारी फोन का करत नाही?" उत्तर बरोबर आलं तर मधला भाग कळला. चुकलं तर खानावळीचा प्रसंग पुन्हा लिहा, बहुतेक तिथंच गुंता असतो.

आणि ही स्क्रिप्ट कायमची नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढं सरकली की 16:20 ला सोलापुरात 7:50 वाजलेले असतील. आई दुकान आवरत असेल, परात अजून फळीवरच असेल. मुलीचा शेवटचा तास 18:10 ला सुटेल तेव्हा तिकडं 9:40, भाकऱ्या डब्यात, आई अंथरूण घालत असेल. फोन तेव्हाही होईल, पण वीस मिनिटांत दुसराच आवाज ऐकू येईल, आणि वही पुन्हा पहिल्या पानापासून भरावी लागेल.